पासवर्ड सुरक्षित असेल, पण आमचे पासबुक कोणाकडे गेले?

रावेर तालुक्यातले अनेक केळी उत्पादक ज्या शेती-ॲपवरून विद्राव्य खते आणि ठिबकचे साहित्य मागवतात, त्या ॲपच्या कंपनीकडे मी १२ जानेवारी २०२६ रोजी ईमेलने तक्रार केली आहे. तिला समाधानकारक उत्तर न मिळाल्यामुळे हे जाहीरपणे लिहीत आहे. तक्रार अजून प्रलंबित असल्याने कंपनीचे नाव घेत नाही. ज्यांच्या मोबाइलमध्ये ते ॲप आहे त्यांना ते ओळखू येईलच.

गेल्या ऑक्टोबरमध्ये कांदेबागेसाठी खते घेताना कंपनीने उधारीची सोय देऊ केली. त्यासाठी तिचा प्रतिनिधी घरी आला, त्याने आधार कार्ड, सातबारा आणि बँक पासबुकाचे पहिले पान यांचे फोटो काढून ॲपवर चढवले आणि माहिती स्वतःच भरली. भरताना त्याच्याकडून आमच्या गट क्रमांकाचे शेवटचे दोन आकडे उलटे पडले. मला ते नंतर दिसले, पण माल वेळेवर आल्यामुळे मी दुरुस्तीचा आग्रह धरला नाही.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात मला एक फोन आला. ठिबकच्या अनुदानाची रक्कम अडकली आहे, असे सांगून बोलणाऱ्याने माझे पूर्ण नाव, बँकेची शाखा, खाते क्रमांकाचे शेवटचे चार आकडे आणि गट क्रमांक वाचून दाखवला. तो गट क्रमांक चुकीचा होता आणि नेमका ॲपमध्ये आहे तसाच चुकीचा होता. सातबारा सरकारी संकेतस्थळावर कोणालाही पाहता येतो, तेव्हा माहिती तिथून गेली असेल असे कोणी म्हणू शकेल. पण सरकारी दप्तरात आमचा क्रमांक बरोबर आहे. उलटे आकडे जगात एकाच ठिकाणी नोंदवलेले आहेत आणि ते ठिकाण म्हणजे या कंपनीचे ॲप.

फोन ठेवल्यावर मी आणखी एक गोष्ट तपासली. ॲपमध्ये माझ्या पासबुकाच्या फोटोवर बोट ठेवले की तो ब्राउझरमध्ये उघडतो. तिथली लिंक मी पुतण्याच्या मोबाइलवर पाठवली. त्याच्याकडे ॲप नाही, त्याने लॉगिन केले नाही, तरी माझे पासबुक त्याच्या पडद्यावर उघडले. लिंकच्या शेवटी एक अंक होता. तो बदलून दुसऱ्या कोणाचा कागद उघडतो का, हे मी पाहिले नाही. तसे करणे योग्यही नाही आणि कायद्यालाही धरून नाही. परंतु हे अंक ओळीने वाढत असतील, तर एखादा छोटा प्रोग्राम एका रात्रीत सगळ्या ग्राहकांचे कागद उतरवून घेऊ शकतो. त्यासाठी पासवर्ड फोडण्याची गरजच पडत नाही.

ही दोन्ही निरीक्षणे मी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्यांना सविस्तर कळवली. २३ जानेवारीला उत्तर आले, ते असे: आपले पासवर्ड आणि कार्डचे तपशील सुरक्षित आहेत, कोणतीही संवेदनशील माहिती बाहेर गेलेली नाही, आणि २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यातील सूचना देण्याची तरतूद अद्याप लागू झालेली नाही. त्याच दिवशी ती लिंक मात्र उघडेनाशी झाली. म्हणजे दार उघडे होते हे त्यांना पटले, पण तसे सांगण्याची त्यांची तयारी नव्हती.

या उत्तराला माझे दोन आक्षेप आहेत. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३अ खाली केलेल्या २०११ च्या नियमांत संवेदनशील माहितीची यादी दिलेली आहे आणि तिच्यात पासवर्डच्या बरोबरीने बँक खात्याचे तपशीलही आहेत. पासवर्ड पाच मिनिटांत बदलता येतो. बँक खाते, आधार क्रमांक आणि शेत बदलता येत नाही. दुसरे म्हणजे, २०२३ च्या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि त्यातील मुख्य बंधनांसाठी कंपन्यांना अठरा महिन्यांची मुदत मिळाली, हे खरे आहे. पण माहिती फुटल्याचे लक्षात आल्यापासून सहा तासांच्या आत सर्ट-इन या केंद्रीय संस्थेला कळवण्याचे बंधन एप्रिल २०२२ च्या निर्देशांपासून आहेच. ते पाळले का, या माझ्या साध्या प्रश्नाला उत्तरात एक ओळही नाही.

मला हे सारे इतके लागण्याचे कारण आमच्या शेजारचे नाना आहेत. ३ फेब्रुवारीला, म्हणजे माझी तक्रार पोहोचल्यानंतर २२ दिवसांनी, त्यांना तसाच फोन आला आणि पाठोपाठ व्हॉट्सॲपवर ‘अनुदान यादी’ नावाची एपीके फाइल आली. ती त्यांनी उघडली. अशी फाइल मोबाइलमध्ये बसली आणि तिला मेसेज वाचण्याची परवानगी मिळाली की बँकेचा ओटीपी परस्पर पलीकडे जातो. नानांच्या खात्यातून १८,४०० रुपये गेले; केळी काढणीच्या मजुरीसाठी ठेवलेले होते. त्याच संध्याकाळी आम्ही १९३० वर फोन करून तक्रार नोंदवली आणि दुसऱ्या दिवशी बँकेत लेखी अर्ज दिला. नाना मला एवढेच म्हणाले, “त्याले माह्या गट नंबरबी माहीत होता, मंग मी कसा नाही म्हनू?” जानेवारीत कंपनीचा दोन ओळींचा मराठी मेसेज त्यांच्या मोबाइलवर आला असता, तर त्यांनी फोन तिथेच ठेवला असता. ते मेसेज वाचतात. ठिबकच्या जाहिरातीचे मेसेज तर कंपनी त्यांना दर आठवड्याला पाठवते.

बँकेचे म्हणणे आहे की फाइल नानांनी स्वतः उघडली, त्यामुळे निष्काळजीपणा त्यांचा. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार, दोष बँकेचा नाही आणि ग्राहकाचाही नाही, तर व्यवस्थेत अन्यत्र आहे, अशा वेळी तीन कामकाजाच्या दिवसांत कळवणाऱ्या ग्राहकावर नुकसानीचा भार येत नाही. नानांचे प्रकरण त्यात पूर्णपणे बसते असा दावा मी करत नाही. फाइल उघडली गेली ही गोष्ट नाकारता येणार नाही. पण त्यांची माहिती आमच्याकडून फुटली होती, असे कंपनीचे सही-शिक्क्याचे पत्र हातात असेल, तर बँकेपुढे आणि पोलिसांपुढे त्यांची बाजू निश्चितच वेगळी दिसेल. आज त्यांच्या हातात फक्त १९३० चा तक्रार क्रमांक आहे.

म्हणून कंपनीकडे माझी मागणी अशी आहे. कागदांच्या लिंक कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत उघड्या होत्या आणि प्रत्येक ग्राहकाचे नेमके कोणते कागद त्यांत होते, हे त्या त्या ग्राहकाला मराठीत मेसेजने कळवावे. ज्यांचे आर्थिक नुकसान झाले आहे त्यांना वर म्हटल्याप्रमाणे पत्र द्यावे आणि नानांची रक्कम भरून द्यावी. ज्यांची उधारी फिटली आहे त्यांच्या आधार आणि पासबुकाचे फोटो कायमचे पुसून तसे लेखी कळवावे. आणि सर्व्हरच्या नोंदी आजच जपून ठेवाव्यात. हा शेवटचा मुद्दा सर्वांत निकडीचा आहे, कारण या नोंदी १८० दिवस ठेवण्याचेच बंधन आहे. ऑक्टोबरच्या मध्यावर कोणी कागद उतरवले असतील, तर एप्रिलच्या मध्यानंतर ते कोणी उतरवले याचा माग कायद्याला धरूनच नाहीसा होईल.

हीच मागणी मी काल पुन्हा ईमेलने आणि नोंदणीकृत टपालाने पाठवली आहे. २०११ च्या नियमांप्रमाणे तक्रार निवारणासाठी एक महिन्याची मुदत असते आणि माझ्या पहिल्या तक्रारीची ती मुदत १२ फेब्रुवारीलाच संपली. आता पंधरा दिवसांत उत्तर आले नाही, तर नाना आणि मी भरपाईसाठी राज्याच्या माहिती तंत्रज्ञान सचिवांकडे अर्ज करणार आहोत. या कायद्याखाली न्यायनिर्णय अधिकारी तेच असतात. त्या अर्जाला जोडण्यासाठी, ज्यांना ॲपवर उधारी घेतल्यानंतर असा अनुदानाचा फोन आला असेल, त्यांनी फोनची तारीख, वेळ आणि समोरच्याने कोणते तपशील वाचून दाखवले एवढेच मला मेसेजमध्ये लिहून पाठवावे. आधारचा किंवा पासबुकाचा फोटो मलाही पाठवू नये. आणि एमआधारमधून बोटांच्या ठशांचे लॉक आजच लावून घ्यावे, म्हणजे निदान आधार क्रमांक आणि ठसा वापरून पैसे काढण्याची वाट तरी बंद होईल.