पाऊण टक्क्याची वरात

दुपारी जेवून जरा डोळा लागतो न लागतो तोच फोन येतो. "सर, तुमचं होम लोन आमच्या बँकेत ट्रान्सफर करून हप्ता साडेसहा हजारांनी कमी करून देऊ का?" झोपेतला माणूस अशा वेळी कशालाही हो म्हणतो. मी म्हणेन, आधी उठून चूळ भरा आणि एकच विचारा: "मुदत किती धरलीत?"

समजा, कर्ज 40 लाख शिल्लक आहे, 15 वर्षं उरली आहेत, व्याज 9.25 टक्के आणि हप्ता 41,168 रुपये. नवी बँक 8.5 टक्क्यांनी देतेय. मुदत तीच ठेवली तर हप्ता 39,390 होतो, म्हणजे महिन्याला 1,778 रुपये वाचतात. मग फोनवरचे साडेसहा हजार आले कुठून? पठ्ठ्याने गुपचूप मुदत 20 वर्षं केलेली असते. हप्ता 34,713 वर येतो खरा, पण एकूण भरणा 74 लाखांवरून 83 लाखांवर जातो. व्याजदर उतरला आणि घर नऊ लाखांनी महागलं!

तर आपले 1,778 रुपये धरून पुढे जाऊ. फ्लोटिंग दराचं वैयक्तिक गृहकर्ज मुदतीआधी फेडलं म्हणून जुनी बँक दंड लावू शकत नाही. रिझर्व्ह बँकेचाच तसा नियम आहे. तेवढ्यावरून "ट्रान्सफर फुकट" असं मात्र समजू नका. प्रोसेसिंग फी पाव टक्का म्हणजे 10,000, आणि नवरदेवामागे करवली यावी तसा तिच्यामागे 1,800 चा जीएसटी. वकील आणि व्हॅल्युएशनवाला यांचे मिळून 5,000. कर्ज बंद करायला कुठल्या तारखेला किती भरायचे ते सांगणारं फोरक्लोजर लेटर आणि कागदपत्रांची यादी जुन्या बँकेकडून काढायला 1,500.

मग येतं मुद्रांक शुल्क. मूळ कागद बँकेत गहाण ठेवले की महाराष्ट्रात ते लागतंच. 0.3 टक्के धरले तर 12,000, वर गहाणाची खबर नोंदणी कार्यालयाला देणाऱ्या नोटीस ऑफ इंटिमेशनचे 1,300. कर्ज घेताना हे एकदा भरलेलं असतं, पण ते जुन्या बँकेच्या गहाणाचं होतं. नव्या बँकेकडे कागद गेले की पाटी कोरी.

एक खर्च तर कुठल्याच पत्रकात छापलेला नसतो, तो म्हणजे दुहेरी व्याज. नव्या बँकेने डीडी काढला त्या दिवसापासून तिचं मीटर सुरू होतं. तो डीडी जुन्या बँकेच्या काउंटरवर पोचून वटेपर्यंत तिचंही मीटर चालूच असतं, रोजचे 1,014 रुपये. मध्ये शनिवार-रविवार आला, सही करणारे साहेब रजेवर गेले, की आठ दिवस सहज जातात: 8,110 रुपये. त्यात फोरक्लोजर लेटरवरची तारीख उलटून गेली तर डीडी तेवढ्या दिवसांच्या व्याजाने कमी पडतो. 40 लाख भरूनही दोन-तीन हजारांसाठी खातं उघडंच राहतं आणि कागद अडकतात. म्हणून डीडी चार दिवस पुढच्या तारखेच्या रकमेचा काढून घ्यावा. जास्त गेलेले परत मागता येतात.

बेरीज झाली 39,710. भागिले 1,778, म्हणजे बावीस-तेवीस महिन्यांत खर्च वसूल. वाईट नाही, असं म्हणून आपण सही करायला पेन काढतो. थांबा! हिशेब इथेच चुकतो.

तुलना 9.25 शी करायचीच नाही. नव्या बँकेचं मंजुरीपत्र खिशात घालून आधी जुन्या बँकेत जायचं आणि फोरक्लोजर लेटर मागायचं. चार वर्षांत ज्यांनी कधी मान वर केली नाही, ते लोक चहा विचारतात. "सर, जाताय कशाला? इथेच रेट कमी करून देतो ना!" समजा, जीएसटीसकट 5,900 रुपये घेऊन त्यांनी 8.75 टक्के दिले. हप्ता 39,978. आता नव्या बँकेत जाण्याचा जादा फायदा उरला महिन्याला फक्त 588 रुपये आणि जादा खर्च 33,810. वसुलीला पावणेपाच वर्षांहून जास्त! तेवढ्यात घर विकायचा किंवा कर्ज लवकर फेडायचा बेत असेल, तर गप जुन्याच बँकेचा चहा प्यावा.

चहासुद्धा मिळाला नाही, तर जरूर जा. नवी बँक कर्जाच्या रकमेतच विम्याचा हप्ता मिसळू पाहील. तो सक्तीचा नसतो, काढायला लावा. कर्ज फिटल्यावर जुन्या बँकेने 30 दिवसांत मूळ कागद द्यायचे असतात. त्यांच्या चुकीने उशीर झाला तर दिवसाला 5,000 रुपये भरपाई त्यांनी द्यायची. कागद सुटताना यादी हातात धरून एकेक पान मोजा. करारनामा सगळ्यांना आठवतो, त्याला टाचलेली नोंदणीची मूळ पावती मात्र हटकून राहते.