नव्या सोसायटीच्या ग्रुपचे नियम लिहायला मला दोन संध्याकाळी लागल्या

पुनर्विकास होऊन गेल्या महिन्यात आम्हाला नव्या इमारतीचा ताबा मिळाला. ९६ फ्लॅट, त्यातली निम्मी माणसं जुनी, निम्मी अनोळखी. व्हॉट्सॲप ग्रुपचं काम समितीने माझ्याकडे दिलं. ग्रुप दोन मिनिटांत उघडला, पण नियमांचा मेसेज मी चार वेळा लिहून खोडला.

डोक्यात जुन्या इमारतीतली एक सकाळ होती. रात्री पावणेदहाला सेक्रेटरींनी ग्रुपवर टाकलं होतं की टाकी धुवायची आहे, उद्या आठ ते दोन पाणी बंद. पहाटेपासून त्या मेसेजवर गुलाबाची फुलं, एकादशीच्या शुभेच्छा, कुठल्यातरी प्लॉटची जाहिरात आणि दोन वर्षांपूर्वीचं "तातडीने रक्त हवे" असं सगळं चढत गेलं. तिसऱ्या मजल्यावरच्या आजी एकट्या राहायच्या, गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं. नऊ वाजता माझं दार वाजवलं, हातात रिकामी कळशी. "अगं, फोन बघत होते मी सकाळपासून, पण ती फुलंच संपेनात."

म्हणून मला वाटतं, स्पॅमबद्दल कडक असणं म्हणजे माणूसघाणेपणा नव्हे. फुलं पाठवणारे काका प्रेमानेच पाठवतात, हे मला ठाऊक आहे. त्यामुळे नियमाची धार मेसेजवर असावी, काकांवर नसावी. शेवटी जे लिहिलं ते असं:

"नमस्कार मंडळी, नव्या घरासाठी सगळ्यांना मनापासून शुभेच्छा. हा ग्रुप कामाचा आहे: पाणी, लिफ्ट, पार्किंग, सभा, हरवलं-सापडलं, आणि रात्री-अपरात्री कुणाला मदत लागली तर. सुप्रभात, सणांची चित्रं, राजकारण आणि फॉरवर्ड इथे नकोत. त्यासाठी 'गप्पा कट्टा' हा वेगळा ग्रुप आहे, तिथे दिवसभर या, मीही असेन. सोसायटीतल्या कुणाचे डबे, शिकवणी, फराळ असेल तर रविवारी एक मेसेज जरूर टाका. बाहेरच्या जाहिराती, कर्ज, प्लॉट, गुंतवणूक अजिबात नाही. नियमाबाहेरचा मेसेज मी काढून टाकेन आणि तुम्हाला खासगीत कळवेन. दुसऱ्यांदाही तसंच. तिसऱ्यांदा आठवडाभर ग्रुपबाहेर, मग पुन्हा स्वागत. त्या आठवड्यात पाण्याच्या आणि लिफ्टच्या सूचना मी स्वतः तुम्हाला पाठवेन. नियम मलाही लागू आहेत. काही खटकलं तर फोन करा, नाहीतर घरी चहाला या."

पहिल्या खर्ड्यात मी "कृपया अनावश्यक मेसेज टाळावेत" असं लिहिलं होतं. पण अनावश्यक म्हणजे काय? आपला मेसेज अनावश्यक आहे असं कुणालाच वाटत नाही. म्हणून काय चालेल ते आधी, नावानिशी लिहिलं. आणि पुढे काय होईल तेही लिहिलं. ॲडमिनने एकाचा मेसेज काढला आणि दुसऱ्याचा राहू दिला की भांडण तिथेच सुरू होतं. पायऱ्या आधी सांगितल्या असतील तर माझ्या मर्जीचा प्रश्न उरत नाही.

ॲडमिनला आता कुणाचाही मेसेज सगळ्यांसाठी काढता येतो, मात्र तो ॲडमिनने काढला हे तिथे दिसत राहतं. म्हणजे चारचौघांत थोडी शोभा होतेच. म्हणून काढण्याआधी त्या व्यक्तीला खासगीत दोन ओळी लिहायच्या, हे मी स्वतःवर घातलेलं बंधन आहे. "काका, चित्र छान आहे, कट्ट्यावर टाकाल का?" एवढंच.

काहींनी सुचवलं, "ॲडमिनला पोलीस धरतात" असं खाली लिही, म्हणजे लोक घाबरतील. मी नाही लिहिलं, कारण ते जसंच्या तसं खरं नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये सांगितलं आहे की सदस्याच्या आक्षेपार्ह मेसेजसाठी ॲडमिनला केवळ ॲडमिन म्हणून जबाबदार धरता येत नाही, दोघांचा आधीपासून समान हेतू असेल तर गोष्ट वेगळी. खोट्या भीतीवर उभारलेला नियम, खरं कळलं की पडतो.

फॉरवर्डच्या बाबतीत मात्र मी हटणार नाही. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाडा गावात भिक्षुकीसाठी आलेल्या पाच जणांना जमावाने ठेचून मारलं. मुलं पळवणारी टोळी फिरतेय, ही अफवा फोनवरून पसरली होती. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा आणली. आज मेसेजवर दुहेरी बाण दिसला तर तो पाच किंवा जास्त हात फिरून आलेला असतो. आमच्या ग्रुपवर दुहेरी बाणाचा मेसेज कुणाचाही असो, राहणार नाही.

मेसेजमध्ये अजून एक ओळ आहे, ती मी वेगळी आणि ठळक ठेवली: "नावाच्या शेवटी .apk असलेली फाइल आली तर उघडू नका. मी विचारत बसणार नाही, पाठवणाऱ्याला लगेच काढेन." ही शिक्षा नाही. लग्नपत्रिका किंवा वाहनाचं चलन म्हणून ही फाइल येते. ती इन्स्टॉल केली की एसएमएस वाचायची परवानगी मागते, बँकेचे ओटीपी चोराकडे जाऊ लागतात, आणि बऱ्याचदा त्याच नंबरवरून तीच फाइल ओळखीच्या सगळ्यांना जाते. म्हणजे पाठवणारा शेजारचा दादाच दिसतो, आणि त्याला बिचाऱ्याला पत्ताच नसतो. अशा वेळी त्याला मेसेज करून उपयोग नाही, तो चोरच वाचत असेल. साधा फोन करायचा, नाहीतर सरळ त्याच्या दारात जायचं. त्याच्या फोनचं इंटरनेट बंद करायला सांगायचं, दुसऱ्या फोनवरून बँकेला आणि १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला कळवायचं. पैसे गेले असतील तर पहिले काही तास फार मोलाचे असतात. फोन साफ झाला की त्याच दिवशी त्याला ग्रुपवर परत घ्यायचं आणि सगळ्यांना सांगायचं की त्याची काही चूक नव्हती.

एक गोष्ट मी नियमांत लिहिली नाही, नुसती केली. ग्रुपची लिंक जिन्यातल्या फलकावर लावली नाही, आणि नव्या सदस्याला ॲडमिनची मंजुरी लागेल हे सेटिंग चालू केलं. ग्रुपमध्ये शिरलेल्या माणसाला ९६ घरांचे नंबर आपोआप दिसतात. एक एजंट आत आला तरी पुरे. पिन केलेला मेसेज जास्तीत जास्त ३० दिवस राहतो, म्हणून नियम ग्रुपच्या माहितीतही टाकले. उद्या येणाऱ्या भाडेकरूला ते तिथे वाचता येतील.

पहिल्या आठवड्यात मी अकरा मेसेज काढले. एक काका रागावले, दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनीच रात्री टाकलं, "बी विंगची लिफ्ट चौथ्यावर अडकली आहे, आत लहान मुलगा आहे." चार मिनिटांत तिघे जण वर पोचले होते.

श्रद्धांजलीचं मात्र मला अजून ठरवता आलेलं नाही. परवा एकांच्या वडिलांचं निधन झालं. बातमी ग्रुपवर यायलाच हवी होती, पण खाली साठ वेळा "भावपूर्ण श्रद्धांजली" आलं आणि अंत्ययात्रेची वेळ वर निघून गेली. ते मेसेज काढायला माझा हात धजला नाही. वेळ मी खाली पुन्हा टाकली, आणि जुन्या आजींना फोन करून सांगितली. तुमच्या ग्रुपवर हे कसं करता, मला खरंच जाणून घ्यायचं आहे.