१७.७० रुपये कुठे गेले?

"दर तीन महिन्यांनी खात्यातून १७.७० कापले जातात. कशाचे?"

रक्कम १.१८ने भागा, बरोबर १५ येतात. म्हणजे तिमाही एसएमएस शुल्क १५ आणि त्यावर १८ टक्के जीएसटी २.७०. हा कर सरकारकडे जातो. वर्षातून एकदा २३६ गेले असतील, तर तेही तसंच भागा: कार्डाचे २०० आणि कर ३६.

मेसेज पाठवायला बँकेला खर्च येतो हे मान्य. पण प्रत्यक्ष वापरानुसारच आकारणी करा, असं रिझर्व्ह बँकेने २०१३मध्येच सांगितलंय. म्हणून तिमाहीत चारच मेसेज आले असतील, तर शाखेत लेखी हिशेब मागाच. बेसिक बचत खात्याच्या डेबिट कार्डाला तर वार्षिक शुल्क लावताच येत नाही. माझ्या आईचे असे कापलेले पैसे लेखी तक्रारीनंतर परत मिळाले.