आवाज एकाचा, चोरी दुसऱ्याची

रात्री अडीच वाजता जाग आली ती 'टिप' अशा आवाजानं. सेकंदाभरानं पुन्हा टिप. दिवसा मंगळवार पेठेत गाड्यांच्या हॉर्नपुढं आपलाच आवाज आपल्याला ऐकू येत नाही, तिथं थेंबाला कोण विचारतो? रात्री मात्र तोच थेंब डोक्यात खिळ्यासारखा बसतो.

उठलो. बेसिनचा नळ कोरडा, मोरीतलाही कोरडा. फ्रीजला कान लावून उभा होतो, तेवढ्यात आतून बायको म्हणाली, "अहो, शेजारी चोर समजून धोपटतील. झोपा."

माग शेवटी संडासात लागला. टाकीचं झाकण उचललं, तर बॉलकॉकच्या तोंडातून थेंब पडत होता. सापडला चोर! फुगा बोटानं जरा वर उचलला, थेंब थांबला. सोडला, पुन्हा सुरू. म्हणजे बॉलकॉक नीट बंद होत होता. फुगाच केसभर खाली बसला होता. पाणी तर ओव्हरफ्लोच्या नळीपासून चांगलं बोटभर खाली, म्हणजे तिकडून सांडत नव्हतं. मग ते जात होतं तळातून, फ्लशच्या रबरी वॉशरखालून, चकार शब्द न काढता. बॉलकॉक बिचारा भरपाई करत होता आणि मी त्यालाच पकडला होता. (ऑफिसातही असंच होतं म्हणा.)

पुरावा हवा म्हणून अँगल कॉक बंद केला, टाकीत आतून पाण्याच्या पातळीवर पेन्सिलीची रेघ ओढली आणि केकसाठी आणलेला खायचा लाल रंग अर्धा चमचा आत टाकला. वीस मिनिटं फ्लश न करता थांबायचं. रंग कमोडमध्ये उतरला, तर वॉशर गळतोय. वीस मिनिटं जरा पडतो म्हटलं आणि झोप लागली.

सहाला आण्णांच्या हाकेनं घर जागं झालं. "अरं ऊठ! डॉक्टरकडं जायला पायजे!" आण्णा पांढरेफटक. कमोडमध्ये लालभडक पाणी. रात्री त्यांनी तांबड्या रश्श्याच्या तीन वाट्या रिचवल्या होत्या. घाबरून फ्लशही केला नव्हता, हे माझं भाग्य! त्यांना समजवायचं सोडून मी आधी टाकीत डोकावलो. पाणी रेघेच्या खाली. लिटरच्या बाटलीनं रेघेपर्यंत भरलं, दीड लिटर लागलं. तीन तासांत दीड, म्हणजे दिवसाला बारा लिटर. जवळजवळ बादलीभर पाणी गुपचूप गटारात.

वॉशर काढला, तर कडेला क्षाराचा पांढरा थर आणि एक बारीक चीर. थर घासून काढला, चिरेचं काय करणार? दहाला दुकान उघडल्यावर नवा आणून बसवला. रात्री टाकी गप्प.

आण्णांना सगळं दोनदा समजावून सांगितलं. मान डोलावली त्यांनी. पण जेवायला बसल्यावर सुनेला म्हणाले, "मला आज पांढराच वाढ."