गुडघ्याचं दुखणं मोजायचं असेल तर ते दुखत असतानाच विचारा

गुडघा बदलण्याच्या ऑपरेशननंतर घरी जाऊन व्यायाम करून घेणं हे माझं काम. ठाण्यातला चरई, नौपाडा, पाचपाखाडी हा माझा रोजचा पट्टा. पेशंट बहुतेक सत्तरीच्या आसपासचे, आणि गेल्यावर घरातलं कोणी ना कोणी विचारतंच, "काल फार दुखलं म्हणतात, आज नको करायचं का?" काल खरंच किती दुखलं होतं याचं उत्तर त्या 'म्हणतात'मध्ये मिळत नाही. हे मला पटवून सांगायचंय, म्हणून पोस्ट मोठी होणार आहे.

मानसशास्त्रज्ञ डॅनियल काहनेमान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात लोकांना 14 अंश सेल्सियसच्या गार पाण्यात एक हात 60 सेकंद धरायला लावला. हे पाणी चांगलंच झोंबतं. दुसऱ्या फेरीत दुसरा हात तेवढ्याच गार पाण्यात 60 सेकंद, आणि पुढे आणखी 30 सेकंद. या जादा वेळात पाणी हळूहळू 15 अंशांपर्यंत आणलं, म्हणजे गारच, फक्त जरासं सुसह्य. मग विचारलं, यातली कोणती फेरी पुन्हा कराल? सुमारे 70 टक्के लोकांनी लांबलेली फेरी निवडली. तिच्यात आधीच्या फेरीतला सगळा त्रास होताच, वर 30 सेकंदांचा आणखी होता. तरी आठवणीत ती बरी ठरली, कारण ती बऱ्या ठिकाणी संपली.

याला पीक-एंड रूल म्हणतात. झालेला अनुभव आठवताना आपण मिनिटांची बेरीज करत नाही. सगळ्यांत वाईट क्षण आणि शेवटचा क्षण या दोघांच्या मधलं काहीतरी मनात उरतं, आणि अनुभव किती वेळ चालला ते जवळजवळ गळून पडतं.

प्रयोगशाळेबाहेरही हे दिसलं. टोरांटोत रेडेलमायर या डॉक्टरांनी काहनेमान यांच्याबरोबर कोलोनोस्कोपीच्या, म्हणजे मोठ्या आतड्याच्या दुर्बिणीतून होणाऱ्या तपासणीच्या, पेशंटना दर मिनिटाला 0 ते 10 मध्ये दुखणं सांगायला लावलं. कोणाची तपासणी चार मिनिटांत उरकली, कोणाची तासाच्याही वर गेली. नंतर एकूण किती त्रास झाला हे विचारल्यावर आलेल्या उत्तरांचा आणि तपासणीच्या लांबीचा जवळपास काहीच संबंध लागला नाही. सगळ्यांत वाईट मिनिट आणि शेवटची काही मिनिटं यांच्याशी मात्र लागला.

आता माझ्या कामातलं उदाहरण. चरईतल्या एक आजी, उजवा गुडघा बदललेला, टाके निघालेले. अशा पेशंटचा क्रम पुष्कळदा असा असतो: आधी शेक, मग पाय सरळ उचलणं, टाच सरकवणं, आणि गुडघा मोकळा झाल्यावर सगळ्यांत शेवटी मी हाताने धरून वाकवणं. याला कारणही आहे, तापलेला सांधा जास्त वाकतो. मी दर पाच मिनिटांनी आजींना आकडा विचारून वहीत लिहीत होते. त्या दिवशी आकडे आले 2, 3, 4 आणि वाकवताना 8. तिथेच आम्ही थांबलो. दुसऱ्या दिवशी त्या म्हणाल्या, "अगं, काल अर्धा तास जीव घेतलास माझा." वहीप्रमाणे जीव घेणारी फक्त शेवटची पाच मिनिटं होती.

मग क्रम बदलला. शेक आणि थोडे व्यायाम झाल्यावर लगेच वाकवणं, त्यानंतर पलंगाच्या कडेला बसून पाय हलके झुलवणं, आणि शेवटी बर्फाचा शेक. आकडे: 2, 3, 8, 4, 2. बेरीज करून बघा. पहिल्या दिवशी 17, या दिवशी 19. वेळही पाच मिनिटं जास्त गेला आणि वाकवताना तितकंच दुखलं. पण नियमाप्रमाणे आठवणीचा अंदाज काढला, तर पहिल्या दिवसाचा 8 आणि 8 यांच्यामधला म्हणजे 8, आणि या दिवसाचा 8 आणि 2 यांच्यामधला म्हणजे 5. दुसऱ्या दिवशी आजींनी स्वतःहून सांगितलं, "काल बरं गेलं हो."

एका आजींवरून काही सिद्ध होत नाही, हे मला कळतं. दिवसागणिक गुडघा सुधारतच असतो, आणि माझी सवयही होत जाते. पण रेडेलमायर आणि सहकाऱ्यांनी 2003 मध्ये हीच गोष्ट 682 पेशंटवर, चिठ्ठ्या टाकाव्यात तशी वाटणी करून, तपासली. अर्ध्यांची तपासणी नेहमीसारखी, उरलेल्यांच्या बाबतीत काम संपल्यावर दुर्बिणीचं टोक जास्तीत जास्त तीन मिनिटं न हलवता आत ठेवलं. अस्वस्थ वाटतं, पण फार दुखत नाही. या लोकांच्या आठवणीत त्रास सुमारे 10 टक्क्यांनी कमी भरला, आणि पुढच्या वर्षांत पुन्हा तपासणीला येण्याचं प्रमाणही थोडं जास्त राहिलं. फरक मोठा नाही. तरी माझ्या कामात तो मोलाचा आहे, कारण आठवणीला घाबरून आठवडाभर व्यायाम टाळला की सांधा आखडतो, आणि मग वाकवणं आणखी दुखतं.

इथे मला एक गोष्ट ठामपणे म्हणायची आहे. शेवट हलका करता येतो म्हणून मधला 8 तसाच राहू देणं मला मान्य नाही. आधी तो 8 खाली आणायचा: वेदनाशामक गोळी व्यायामाच्या आधी पुरेसा वेळ ठेवून घेतली का, मी घाई करते का, सूज वाढली आहे का, हे बघून. आणि क्रम पेशंटला आधी सांगायचा: "आता वाकवणार, मग पाच मिनिटं हलकं, मग बर्फ." त्यांच्या नकळत त्यांची आठवण सजवायची नाही.

सगळ्यांत जास्त नुकसान होतं ते लांब चालणाऱ्या मंद दुखण्याचं. कोणाला तीन आठवडे रोज रात्री 4 असतं, 8 कधीच नसतं, आणि डॉक्टरांकडे जायच्या दिवशी सकाळी नेमकं 1 असतं. केबिनमध्ये "कसं होतं?" विचारलं की उत्तर येतं, "बरं होतं." पेशंट खोटं बोलत नसतो. किती दिवस चाललं ते आठवणीने धरूनच ठेवलेलं नसतं. अशा वेळी मी घरच्यांना विचारते की गोळ्यांची किती पाकिटं संपली, रात्री किती वेळा उठले, सोफ्यावर झोपायला लागले का. बोलणं आणि पाकिटं जुळली नाहीत, की मी पाकिटांवर विश्वास ठेवते.

हा नियम सगळीकडे सारखा चालतो असंही नाही. एका बैठकीतला, सलग, तासाभराचा अनुभव त्यात चांगला बसतो. हॉस्पिटलमधला आठवडा किंवा लांबची सहल यांत तो बराच सैल पडतो. तिथे माणसं आठवतात, जेवण आठवतं, कोण भेटायला आलं ते आठवतं. म्हणून डिस्चार्जच्या दिवशी भरून घेतलेल्या एका फॉर्मवरून वॉर्डातल्या वेदनांबद्दल निष्कर्ष काढणं मला दोन्हीकडून चूक वाटतं.

माझ्या वहीत आता दोन रकाने आहेत. एक, व्यायाम चालू असताना दर पाच मिनिटांचा आकडा. दोन, दुसऱ्या दिवशी दार उघडल्यावर विचारलेला. गुडघा किती वाकवायचा आणि गोळीबद्दल डॉक्टरांना फोन करायचा का, हे पहिल्यावरून ठरतं. कोणता व्यायाम कधी घ्यायचा, ते दुसऱ्यावरून. घरी कोणाचं असं ऑपरेशन झालं असेल, तर कॅलेंडरवर रात्री झोपताना एक आकडा लिहायला लावा आणि पुढच्या भेटीला ते पान सोबत न्या.