मावशी, बिल भरू नका म्हणत नाही, पण आधी अर्ज द्या!

आज सकाळी शेजारच्या मावशी घरपट्टीचं बिल घेऊन आल्या. डोळ्यांत पाणी. त्यांचं घर चोवीस बाय पंचवीस फुटांचं, वर एक मजला, खाली कोपऱ्यात मुलाचं दहा बाय बाराचं किराणा दुकान. बिलात काय? अख्खा तळमजला बिगरनिवासी! आणि वरच्या मजल्यावरची 180 चौरस फूट उघडी गच्चीसुद्धा बांधकामात धरलेली. मोजायला आलेल्या पोराला रस्त्यावरून शटर दिसलं, त्यानं लिहून टाकलं. आत डोकवायला काय झालं होतं हो?

आता हिशेब बघा. दर प्रत्येक शहरात, प्रत्येक झोनमध्ये वेगळे असतात. समजा निवासी दीड रुपया आणि बिगरनिवासी चार रुपये, दर चौरस फुटाला महिन्याला. खरं क्षेत्र 600 अधिक 420, म्हणजे 1020. त्यातलं 120 दुकान, 900 घर. वर्षाचं भाडेमूल्य 21,960, दुरुस्तीपोटी दहा टक्के वजा, करपात्र मूल्य 19,764. बिलाप्रमाणे 600 घर, 600 दुकान धरलं की तेच 35,640 होतं. टक्केवारीतला कर या आकड्यावर बसतो, म्हणजे मावशींना जवळपास पावणेदोन पटीनं फटका. दर बरोबर, गुणाकार बरोबर, फक्त वापर आणि क्षेत्र हे दोन रकाने चुकलेले. वर 'कॉम्प्युटरनं काढलंय' म्हणून ऐकवायला मोकळे.

म्हणून पहिलं काम बिल घेऊन भांडायला जायचं नाही. वॉर्ड ऑफिसात मालमत्ता क्रमांक देऊन आकारणीचा तपशील मागायचा. कोणत्या मजल्याचं किती क्षेत्र, कोणता वापर, कोणता दर. बिलावर बऱ्याचदा नुसती बेरीज असते, नेमकी चूक या तपशिलात सापडते. आकारणी भिंती सोडून मोजलेल्या चटई क्षेत्रावर आहे की भिंतींसकट बांधीव क्षेत्रावर, हेही तिथंच विचारा. मावशींच्या घराच्या बाहेरच्या भिंती नऊ इंची, तर एका मजल्यामागं सत्तर-एक चौरस फुटांचा फरक नुसत्या भिंतींचा. आकारणी बांधीव क्षेत्रावर असेल तर तो मुद्दा सोडून द्या, उगी हसं होतं.

अर्जात कारणं थोडक्यात पण पूर्ण लिहायची. 'बिल जास्त आलंय, कमी करा' हा अर्ज नव्हे, गाऱ्हाणं झालं. मावशींच्या अर्जात एवढंच हवं: 'तळमजल्यावरचे 120 चौ. फूट दुकान मान्य. उरलेले 480 चौ. फूट निवासी आहे. पहिल्या मजल्यावरची 180 चौ. फूट गच्ची उघडी आहे. दुरुस्ती करून सुधारित बिल द्यावे.' दुकान नाकारायचं नाही. खोटं एक सापडलं की खरंही बुडतं. सोबत मंजूर नकाशा किंवा गुंठेवारीची कागदं, गच्चीचे आणि आतल्या खोल्यांचे फोटो, आणि दोन्ही लाइटबिलं. दुकानाचं मीटर वेगळं असेल तर अर्धी लढाई तिथंच जिंकली. घर-दुकान एकाच व्यापारी मीटरवर असेल तर मात्र सुनावणीत तेच तुमच्या तोंडावर मारतील.

दोन प्रती न्या. एकीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही. 'ठेवून जा, बघतो' म्हणणाऱ्यांनी अशा किती मावशींचे अर्ज गिळलेत!

मान्य, तिथले कर्मचारी कमी आहेत, आणि आपल्यातही दुकान लपवणारे कमी नाहीत. पण म्हणून मावशींनी भरायचं?

आकारणी नव्यानं लावल्याची किंवा वाढवल्याची विशेष नोटीस आली असेल तर तिच्यावरची हरकतीची मुदत पाळा. मुदत गेली असली तरी महापालिका अधिनियमाच्या कराधान नियमांत आकारणी पुस्तकातली चूक त्या आर्थिक वर्षात दुरुस्त करायची सोय आहे. दुरुस्ती मागं जाते ती चालू वर्षापुरतीच. म्हणून 31 मार्चच्या पुढं ढकलू नका, मागच्या वर्षांचं परत मिळवणं फार अवघड. सुनावणीची तारीख चुकवली तर निकाल तुमच्याविनाच लागेल. तिथंही पटलं नाही तर त्याच अधिनियमाच्या कलम 406 खाली न्यायालयात अपील आहे, पण पंधरा दिवसांत, आणि मागणीची रक्कम आधी भरून. नगरपरिषदांचा कायदा वेगळा, 1965 चा, तिथल्या मुदती तिथं विचारा.

आणि अर्ज दिला म्हणून शास्ती थांबत नाही. थकलेल्या रकमेवर महिन्याला दोन टक्के चढत राहते. भरायचं असेल तर 'हरकत कायम ठेवून भरणा' असं लिहून भरा, जादा रक्कम पुढच्या बिलात वळती करून मागता येते.

पाहणीला माणूस येईल तेव्हा टेपचं दुसरं टोक आपण धरायचं, आणि पाहणी अहवालावरचे आकडे वाचूनच सही करायची. मावशींना म्हटलंय, चहा त्यानंतर.