चार गुण मिळाले, तरी अठरा पॉइंट गेले

“स्पर्धेत निम्म्याहून जास्त गुण झाले की रेटिंग वाढणारच. ड्रॉ म्हणजे ना नफा ना तोटा. हरणाऱ्याचे पॉइंट जिंकणाऱ्याच्या खात्यात जातात. त्यामुळे रेटिंग वाढवायचं तर कमी रेटिंगवाल्यांशीच खेळायचं.”

बुद्धिबळाची पहिली रेटेड स्पर्धा खेळून आलेल्या प्रत्येकापर्यंत हा निरोप कोणी ना कोणी पोचवतंच. मी स्पर्धांमध्ये पंच म्हणून बसतो. शेवटच्या फेरीनंतर स्कोअरशीटच्या मागे पेनाने बेरजा करणारे खेळाडू मला दर वेळी दिसतात, आणि बहुतेकांचं उत्तर चुकलेलं असतं. बेरीज बरोबर असते, फक्त भलत्याच आकड्यांची असते.

एक उदाहरण पूर्ण करून बघू. खेळाडूचं क्लासिकल, म्हणजे लांब वेळेच्या डावांचं, रेटिंग 1700 आहे, स्पर्धा सात फेऱ्यांची आहे. पहिल्या फेरीत तो 1450 च्या खेळाडूला हरवतो. दुसरीत 1900 वाल्याकडून हरतो. तिसरीत 1500 वाल्याला हरवतो, चौथीत 1750 वाल्याशी बरोबरी. पाचवीत पुन्हा एक 1450 वाला येतो आणि डाव ड्रॉ होतो. सहाव्या फेरीत समोरचा येतच नाही, वॉकओव्हर मिळतो. सातवीत 1400 रेटिंगचा एक शाळकरी मुलगा त्याला हरवतो. तक्त्यावर सातपैकी चार गुण लागतात, म्हणजे निम्म्याहून अर्धा जास्त.

रेटिंग मात्र गुण मोजत नाही, ते अपेक्षेशी तुलना करतं. दोघांच्या रेटिंगमधल्या फरकावरून प्रत्येक डावात तुम्ही किती मिळवायला हवं होतं, हे फिडे या जागतिक बुद्धिबळ संघटनेच्या तक्त्यात ठरलेलं असतं. फरक 50 असेल तर वरच्याकडून 0.57 अपेक्षित, 200 ला 0.76, 250 ला 0.81, 300 ला 0.85. खालच्याची अपेक्षा म्हणजे एकातून ही संख्या वजा केली की उरते ती. मग हिशोब एवढाच, यात K म्हणजे त्या खेळाडूसाठी ठरलेला गुणक:

```
बदल = K × (मिळालेले गुण − अपेक्षित गुण)
```

आपल्या खेळाडूच्या अपेक्षा फेऱ्यांच्या क्रमाने 0.81, 0.24, 0.76, 0.43, 0.81 आणि 0.85, बेरीज 3.90. सहावी फेरी यात नाही. जो डाव पटावर खेळलाच गेला नाही तो रेटिंगसाठी धरत नाहीत, मग त्याचा पूर्ण गुण तक्त्यावर दिसत असला तरी. जोडीला कोणी न उरल्यामुळे मिळणाऱ्या बायचंही तेच. म्हणजे खेळलेल्या सहा डावांत त्याला 3.90 मिळायला हवे होते आणि मिळाले 3. तूट 0.90. त्याचा के 20 आहे, म्हणून अठरा पॉइंट गेले आणि 1700 चे 1682 झाले. यातले सतरा एकट्या शेवटच्या फेरीतले आहेत.

हिशोब करताना आणखी एक चूक फार होते. लोक दुसऱ्या फेरीसाठी पहिल्या फेरीनंतरचं ‘नवं’ रेटिंग धरतात. तसं नसतं. स्पर्धा सुरू होताना यादीत जे रेटिंग असेल तेच शेवटच्या फेरीपर्यंत चालतं, तुमचं आणि समोरच्याचंही. नवी यादी महिन्याच्या एक तारखेला येते.

आता बरोबरी. वरच्या स्पर्धेतच दोन ड्रॉ आहेत. 1750 वाल्याशी अपेक्षा 0.43 होती, मिळाला अर्धा, म्हणून दीडच्या आसपास पॉइंट वाढले. 1450 वाल्याशी अपेक्षा 0.81 होती, तिथे त्याच अर्ध्या गुणाने सहाहून जास्त पॉइंट गेले. दोघांचं रेटिंग जवळपास सारखं असेल तेव्हाच ड्रॉने काही हलत नाही. नव्या खेळाडूंना मी हे आवर्जून सांगतो, कारण दोनशे पॉइंट वरच्या खेळाडूने ड्रॉ ऑफर केला की ‘काही मिळणार नाही’ असं समजून नाकारणारे मी पाहिलेत. के 20 असेल तर तो ड्रॉ पाच पॉइंटचा असतो.

खात्यातून खात्यात जाण्याची कल्पना सगळ्यात जास्त दिशाभूल करते असं मला वाटतं. पॉइंट कोणी कोणाला देत नाही. दोघांचा बदल वेगवेगळा काढतात, आणि ज्याच्या त्याच्या केने. नव्याने रेटिंग मिळालेल्याचा के तीस डाव होईपर्यंत 40 असतो. अठरा वर्षांखालच्यांचा, रेटिंग 2300 च्या खाली असेल तोवर, 40 च राहतो. इतरांना 20, आणि एकदा 2400 गाठलं की कायमचा 10. सातव्या फेरीतल्या त्या मुलाची अपेक्षा 0.15 होती, त्याने पूर्ण गुण घेतला. 0.85 गुणिले 40, म्हणजे 34 पॉइंट त्याला मिळाले. हरणाऱ्याचे गेले 17. मोठा के मुद्दाम ठेवलेला आहे: मुलं झपाट्याने सुधारतात आणि यादीतला आकडा त्यांच्या खेळाच्या मागे राहतो, तो लवकर जागेवर यावा म्हणून. त्याचीच दुसरी बाजू अशी की तुमच्यासमोर बसलेला 1400 चा मुलगा त्या दिवशी 1400 चाच खेळ करेल याची खात्री नसते, आणि तक्ता मात्र तुमच्याकडून 0.85 च मागतो.

कमी रेटिंगवाले शोधण्याचा सल्ला इथेच अडतो. स्विस पद्धतीत दर फेरीला साधारण सारखे गुण असलेल्यांच्या जोड्या लावतात, समोर कोण येणार हे तुम्ही ठरवत नाही, पण समजा ठरवता आलं. के 20 असलेल्या एखाद्या 1900 वाल्याने फक्त चारशे किंवा त्याहून जास्त खालच्यांशी खेळायचं ठरवलं. फरक चारशेच्या वर गेला तरी या पातळीवर तो चारशेच धरतात, अपेक्षा 0.92. एका विजयाचे 1.6 पॉइंट. पन्नास वाढवायचे तर सलग बत्तीस डाव जिंकायला हवेत. मध्ये एक ड्रॉ झाला की 8.4 गेले, म्हणजे पाच विजय पुसले. एक हार झाली तर 18.4, अकरा विजयांची कमाई. सगळे जिंकले तर वाढतं हे खरं आहे, पण तसे जिंकू शकणाऱ्याला वरच्यांशी खेळून ते कितीतरी लवकर मिळतं: चारशे वरच्याकडून हरलं तर 1.6 च जातात, ड्रॉ केला तर 8.4 मिळतात.

स्वतःचा बदल पडताळायला पेनाची गरज नाही. फिडेच्या ratings.fide.com वर आपल्या नावाखाली महिन्याची आकडेमोड उघडली की प्रत्येक डाव वेगळ्या ओळीत दिसतो. `chg` खाली गुण वजा अपेक्षा, `K*chg` खाली त्या डावाचे पॉइंट. वॉकओव्हरची ओळ तिथे सापडणार नाही. सापडली तर त्या स्पर्धेच्या मुख्य पंचांना लगेच कळवा, निकाल पाठवताना तो डाव खेळलेला म्हणून गेला असण्याची शक्यता आहे.